फजर फौत झाली तर

तलाठ्याच्या दप्तरात खातेदार 'फौत' झाला की वारसनोंद होते. भावाभावांत 'कज्जा' उभा राहतो आणि पूर्वी तो 'काजी'कडे जायचा. बिल आपण 'अदा' करतो. या चारही शब्दांचं माहेर अरबी, आणि नमाजेच्या हिशोबात ते आजही एकत्र नांदतात. वेळेत पढलेली नमाज 'अदा'. वेळ निसटली तर ती नमाज 'फौत' झाली. मग मागाहून ती पढून टाकायची, तिचं नाव 'कजा'. कज्जा, काजी आणि कजा हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत, आणि त्या धातूत निकाल लावणं, पुरं करणं, देणं फेडणं असे सगळे अर्थ आहेत.

फेडण्याचा अर्थ इथे महत्त्वाचा. दिवसाच्या पाच नमाजा आहेत: पहाटेची फजर, दुपारची जोहर, उतरत्या उन्हातली असर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा. प्रत्येकीची वेळ ठरलेली, सुरुवात आणि शेवट दोन्ही. नमाज ही मुकर्रर वेळेची आहे असं कुरआनच्या चौथ्या सूरेत सांगितलं आहे. मग ती वेळच गेली तर उरतं काय? वेळ हाच नमाजेचा अर्धा जीव असेल, तर सूर्य उगवल्यावर पढलेल्या फजरेला फजर का म्हणायचं? फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे शास्त्री, या प्रश्नाशी झुंजले ते दोन आठवणींच्या आधाराने. एक आठवण सकाळची आहे आणि दुसरी संध्याकाळची.

सकाळची आधी. हिजरी सन 7, म्हणजे इसवी सन 628. खैबरची मोहीम आटोपून प्रेषित मुहंमद आणि त्यांचे सोबती मदीनेकडे परतत होते. रात्रभर चालून सगळे थकले, तेव्हा पहाटेच्या आधी थोडा वेळ अंग टाकायचं ठरलं. फजरेला उठवण्याची जबाबदारी बिलाल यांच्यावर आली, तेच रोज अजान देणारे. बिलाल नमाजा पढत जागे राहिले. मग पूर्वेकडे तोंड करून, उजाडलेलं दिसावं म्हणून, आपल्या उंटाला टेकून बसले. आणि टेकल्या टेकल्या त्यांचा डोळा लागला. जाग आली ती उन्हाच्या चटक्याने. सगळ्यांत आधी प्रेषित उठले असं मुस्लिम यांच्या संग्रहातली अबू हुरैरांची कथनं सांगतात. दुसऱ्या एका कथनात अबू बकर आधी उठतात आणि मग उमर मोठ्याने तक्बीर म्हणून बाकीच्यांना जागं करतात. बिलाल यांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं की ज्याने तुम्हाला झोपवलं त्यानेच मलाही झोपवलं. कोणी रागावलं नाही. तळ थोडा पुढे हलवला गेला, सगळ्यांनी वजू केलं, बिलाल यांनी इकामत म्हटली आणि फजरेची नमाज जमातीने पढली गेली. मग प्रेषितांनी सांगितलं की कोणी नमाज विसरला तर आठवेल तेव्हा पढावी. याच प्रसंगासारख्या एका प्रवासाच्या, अबू कतादांनी सांगितलेल्या कथनात आणखी एक वाक्य येतं, त्याचा आशय असा: झोपेत कसूर नसते, कसूर त्याची, जो जागा असून पुढच्या नमाजेची वेळ येईपर्यंत ढिलाई करतो.

फकिहांनी या सकाळीतून दोन वेगवेगळ्या गोष्टी काढल्या आणि त्या कधी मिसळू दिल्या नाहीत. झोपलेल्याला गुन्हा नाही. पण झोपलेल्याचं देणं सुटत नाही. एक गोष्ट पापाच्या खात्यातली, दुसरी कर्जाच्या.

हे वाटतं तितकं सोपं नाही. झोपलेल्याकडून, अज्ञान बालकाकडून आणि वेड्याकडून लेखणी उचललेली आहे, म्हणजे त्यांच्या नावावर काही लिहिलं जात नाही, अशीही प्रसिद्ध हदीस आहे. मग बालकाला मोठेपणी लहानपणच्या नमाजा फेडाव्या लागत नाहीत आणि झोपलेल्याला मात्र उठल्यावर लागतात, असं का? हनफी न्यायशाखेच्या शास्त्र्यांनी इथे एक नाजूक चीर पाडली. नमाज माणसावर 'येते' ती वेळेमुळे. फजरेची वेळ झाली की ती डोक्यावर आली, मग माणूस जागा असो वा घोरत असो. पण 'आत्ता पढ' हा हुकूम ज्याला ऐकू येतो त्यालाच लागू होतो. झोप हुकूम लांबवते, देणं पुसत नाही. हप्त्याची तारीख उलटली, पण खातेदार दवाखान्यात होता. वसुली थांबेल, हप्ता माफ होणार नाही, असा तो विचार आहे.

याच मुद्द्याची एक गोष्ट हनफी परंपरेत मोठ्या प्रेमाने सांगतात. अबू हनीफांच्या वर्गात मुहंमद नावाचा एक पोर आला आणि विचारू लागला: एखाद्या मुलाने इशा पढली आणि त्याच रात्री तो वयात आला, तर इशा पुन्हा पढायची का? अबू हनीफा म्हणाले, हो. आधीची पढली ती बालकाची नमाज. देणं तर आता, रात्रीची वेळ शिल्लक असताना अंगावर आलं. पोराने चप्पल उचलली, मशिदीच्या एका कोपऱ्यात गेला आणि इशा पुन्हा पढला. हाच पोर पुढे अबू हनीफांचा थोर शिष्य इमाम मुहंमद अश-शैबानी झाला.

झोप सुटत नाही, तर बेशुद्धी? इथे फकिहांनी काळ मोजला. झोप एका दिवसरात्रीपलीकडे सहसा जात नाही, म्हणून तिचं देणं फेडणं जड नाही. बेशुद्धी लांबू शकते. हनफींनी रेघ ओढली ती एका दिवसरात्रीवर: पाच नमाजांपर्यंत बेशुद्ध असाल तर शुद्धीवर आल्यावर फेडा, त्याहून लांबली तर सगळं माफ. शाफिई आणि मालिकी म्हणाले, एखाद्या नमाजेची पूर्ण वेळ बेशुद्धीत गेली तर ती आलीच नव्हती, फेडायचं काही नाही. हंबली म्हणाले, बेशुद्धी ही झोपेचीच बहीण, सगळं फेडा. आज ऑपरेशनच्या भुलीबद्दल मुफ्तींना विचारलं जातं, तेव्हा कोडं हेच असतं: भूल ही झोप की बेशुद्धी? नशेबद्दल मात्र कोणालाच सवलत द्यावीशी वाटली नाही. स्वतः होऊन प्यालेल्या माणसाने शुद्धीवर आल्यावर फेडावंच. झोप आणि विसर वरून येतात, नशा माणूस ओढवून घेतो, असा हा भेद आहे. आणि देणं जड होतं तिथे ते उतरवण्याचा सगळ्यांत मोठा दाखला स्त्रियांचा: पाळीच्या दिवसांतले रोजे नंतर ठेवायचे, नमाजा फेडायच्या नाहीत. हजरत आयेशांना एका बाईने याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी आधी तिलाच विचारलं की तू त्या हरूरावाल्या कडव्या पंथाची आहेस की काय, आणि मग सांगितलं की आम्हाला रोजे फेडायला सांगितलं जाई, नमाजा नाही. कारणाचं उत्तर नंतरच्या फकिहांनी दिलं: रोजे वर्षातून एकदा, नमाजा दर महिन्याला डझनावारी.

पण रोजच झोप लागत असेल तर? अबू दाऊद यांच्या संग्रहात सफवान इब्न मुअत्तल यांच्या बायकोची तक्रार आहे. नवरा सूर्य उगवल्याशिवाय फजर पढत नाही, असं तिने प्रेषितांपाशी सांगितलं. सफवान तिथेच होते. त्यांनी नाकारलं नाही. आमचं घराणंच तसं प्रसिद्ध आहे, सूर्य वर येईपर्यंत आम्हाला जागच येत नाही, म्हणाले. प्रेषितांनी सांगितलं, जाग येईल तेव्हा पढ. या हदीसेच्या अस्सलपणाबद्दल काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण ही सवलत फारच सैल वाटते. फकिहांनी ती तशी सैल सोडली नाही. नमाजेची वेळ होण्याआधी झोपलेला आणि वेळ झाल्यावर झोपलेला, यांत त्यांनी फरक केला. अजान झाल्यावर, उठण्याची खात्री नसताना किंवा कोणाला उठवायला न सांगता जो अंथरुणात शिरला, त्याची झोप निर्दोष राहत नाही. गजराचं घड्याळ आल्यावर या बाबतीत आपली बाजू पूर्वीपेक्षा कमकुवत झाली आहे, हे उघड आहे.

आता संध्याकाळ. हिजरी 5, इसवी सन 627. मदीनेभोवती खंदक खणून मुसलमान बसले होते, पलीकडे कुरैश आणि त्यांचे मित्र. हल्ल्याच्या धामधुमीत सूर्य मावळला. उमर कुरैशांना शिव्याशाप देत आले. सूर्य बुडता बुडता माझी असर कशीबशी झाली, म्हणाले. प्रेषितांनी सांगितलं की माझी तर अजून झालीच नाही. मग सगळे बुतहान नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात उतरले, वजू केलं, आणि सूर्यास्तानंतर आधी असर पढली, मग मगरिब. इब्न मसऊद यांच्या कथनात त्या दिवशी चार नमाजा अडल्या होत्या आणि त्या रात्री जोहर, असर, मगरिब, इशा याच क्रमाने पढल्या गेल्या.

आधी असर, मग मगरिब. मगरिबची वेळ चालू होती आणि ती लहान असते; तरीही आधी जुनं देणं. हा केवळ नीटनेटकेपणा होता की नियम? चार मझहबांचे, म्हणजे चार न्यायशाखांचे रस्ते इथे फुटतात.

शाफिईंचं म्हणणं सुटसुटीत आहे. प्रेषितांनी असं केलं, म्हणून असं करणं चांगलं. पण नुसत्या कृतीवरून सक्ती सिद्ध होत नाही. जोहर आधी आणि फजर नंतर पढली तर दोन्ही फिटल्या. ज्याची देणी दोन, त्याने कोणतं आधी फेडलं याची चौकशी सावकार करत नाही. हनफी, मालिकी आणि हंबली मात्र म्हणाले की क्रम हवाच. त्यांच्या हाती इब्न उमर यांचं सांगणंही होतं, मालिकांच्या 'मुवत्ता'त जपलेलं: इमामाच्या मागे उभं असताना कोणाला चुकलेली नमाज आठवली, तर ती जमातीची नमाज पुरी करावी, मग विसरलेली पढावी आणि मग जमातीची नमाज पुन्हा पढावी. आधीची पुन्हा पढायला लागते, याचाच अर्थ क्रम चुकला तर नमाज पुरती लागत नाही.

पण क्रम हवा म्हणणारे तिघेही आपसांत एकमत नाहीत. हंबलींकडे चुकलेल्या नमाजा कितीही असोत, क्रम हवा. फक्त विसर पडला किंवा चालू नमाजेची वेळ संपत आली तर सूट. मालिकींकडे चुकलेल्या थोड्या असल्या, चार किंवा पाच, तर त्या आधी, भले चालू नमाजेची वेळ निघून गेली तरी. हनफींनी तीन दारं उघडी ठेवली: विसर, वेळेची तंगी, आणि संख्या. चुकलेल्या नमाजा सहा झाल्या की क्रम गळून पडतो. सहापेक्षा कमी थकबाकी ज्याच्या नावावर आहे, त्याला हनफींच्या बोलीत 'साहिबे तरतीब' म्हणतात, क्रमाचा धनी.

हा फरक महाराष्ट्रात पुस्तकी नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफिई, देशावरचे आणि मराठवाड्यातले बहुतेक हनफी. माहीमचे पंधराव्या शतकातले विद्वान मखदूम अली माहिमी शाफिईच होते. तेव्हा मुंबईत एका खोलीत राहणारे दोघे घेऊ: एक रत्नागिरीचा, एक बीडचा. दोघांनीही आजवर एक नमाज बाकी ठेवलेली नाही. रविवारी रात्री दोघांना उशीर होतो आणि सोमवारी डोळे उघडतात ते आठ वाजता. फजर दोघांचीही फौत. दोघांनी तेव्हाच ती पढावी, हे उत्तम. त्यात अडचणही नाही, कारण सूर्य चांगला वर आला आहे. ऐन सूर्योदयाला जाग आली असती तर बीडच्या माणसाला थोडं थांबावं लागलं असतं: सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना हनफी कजा पढत नाहीत. खैबरच्या वाटेवर तळ पुढे का हलवला, याचं त्यांचं उत्तर हेच आहे की सूर्य वर येऊ द्यायचा होता. शाफिई म्हणतात, तो तळ शैतानाने गाठलेला होता म्हणून हलवला. कजेला कोणतीही वेळ चालते.

पण आठला दोघेही गडबडीत कामावर पळाले आणि दुपारी दीडला मशिदीत जोहरची जमात उभी आहे. रत्नागिरीकर जमातीत शिरतो, जोहर पढतो आणि रात्री घरी येऊन फजर फेडतो. क्रम राखला असता तर बरं, पण त्याच्या दोन्ही नमाजा पक्क्या. बीडकराला मात्र फजर आठवत असेल, तर जमात सोडून आधी फजरेच्या दोन रकआत पढणं भाग आहे, मग जोहर. समजा जोहर पढताना मध्येच फजर आठवली आणि वेळ भरपूर आहे, तर ती जोहर बिघडली; फजर पढून ती पुन्हा पढायची. तीनला आठवली, जोहर आधीच होऊन गेलेली, तर जोहर पक्की आणि फजर तेवढी फेडायची. विसराचं दार त्याच्यासाठी उघडलं. आणि जोहरची वेळच संपत आली असताना आठवली, तर आधी जोहर, कारण एक वाचवताना दुसरी बुडवण्यात अर्थ नाही.

इथवर सरळ आहे. आता समजा बीडकराने फजर आठवत असूनही ती मागे टाकली आणि जोहर पढली. मग असर, मगरिब, इशा आणि मंगळवारची फजरही पढली, सोमवारची फजर मनात ठसठसत असताना. या पाच नमाजांचं काय? अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद, दोघे शिष्य, म्हणाले: पाचही गेल्या, पुन्हा पढा. गुरू अबू हनीफा म्हणाले: थांबा. त्या गेलेल्याही नाहीत, लागलेल्याही नाहीत. टांगलेल्या आहेत.

त्यांचा हिशोब असा. सोमवारची फजर एक, आणि क्रम मोडून पढलेल्या पाच, अशी संख्या सहाकडे सरकते आहे. मंगळवारचा सूर्य उगवला आणि मंगळवारच्या फजरेची वेळ संपली, की खात्यात सहा झाल्या. सहा झाल्या की क्रमाची सक्ती नाही. आणि 'पुष्कळ' होणं हा एकट्या सहाव्या नमाजेचा गुण नव्हे, तो सगळ्या थव्याचा गुण आहे. तेव्हा सक्ती उठते ती थव्यातल्या प्रत्येकीवरून, पहिल्या जोहरसकट. म्हणजे सूर्योदयाच्या क्षणी टांगलेल्या पाचही नमाजा मागच्या मागे वैध होतात आणि उरते एकटी सोमवारची फजर. पण हाच बीडकर मंगळवारी पहाटे, आपली फजर पढून झाल्यावर, सूर्य उगवायच्या पाच मिनिटं आधी पश्चात्तापाने सोमवारची फजर फेडेल, तर? थवा सहाचा झालाच नाही. क्रमाची सक्ती जागच्या जागी राहिली आणि टांगलेल्या पाचही नमाजा नफिल, म्हणजे ऐच्छिक, ठरून फरजातून निसटल्या. पाचही पुन्हा. हनफी मदरशांत या प्रकरणाला एक म्हणच पडली आहे, तिचा आशय: एक नमाज पाचांना वाचवते आणि एक नमाज पाचांना बुडवते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटतं. फेडणाऱ्याचं नुकसान आणि टाळणाऱ्याचा फायदा! पण अबू हनीफा टाळणाऱ्याला शाबासकी देत नव्हते. कारणाशिवाय कजा लांबवणं पाप आहे, ते त्याच्या नावावर आहेच. पापाचं खातं वेगळं आणि कर्जाचं वेगळं, ही खैबरच्या सकाळची वाटणी इथेही चालू आहे. मला स्वतःला शिष्यांचं उत्तर सामान्य समजुतीला धरून वाटतं आणि गुरूचं तर्काला धरून.

विसराचा आणखी एक प्रकार आहे, नमाज चुकली हे आठवतं, पण कोणती ते नाही. कालच्या पाचांतली एक राहिली, एवढंच ठाऊक आहे. काही फकिहांनी काटकसरीचा मार्ग सुचवला: दोन रकआत फजर समजून, तीन मगरिब समजून, आणि चार रकआत 'जोहर, असर, इशा यांतली जी राहिली ती' असा संकल्प करून. नऊ रकआतींत काम भागतं. पण बहुतेकांनी हे मानलं नाही, कारण संकल्पात नमाजेचं नाव नेमकं हवं. त्यांचं उत्तर: पाचही पढा, सतरा रकआत. आणि क्रमाची सक्ती मानणाऱ्या हनफींना याहून अवघड कोडं सोडवावं लागलं. दोन वेगवेगळ्या दिवसांतली एक जोहर आणि एक असर चुकली, पण आधी कोणती ते आठवत नाही. अबू हनीफा म्हणाले: जोहर, असर, पुन्हा जोहर. कोणताही क्रम खरा असो, या तिघींत तो सापडतोच. शिष्य म्हणाले, एवढं नको. मनाला जे पटेल ते धरून दोनच पढा. तीन निरनिराळ्या नमाजा असतील तर गुरूच्या रीतीने सात होतात: जोहर-असर-जोहर, मग मगरिब, मग पुन्हा जोहर-असर-जोहर. हीच रीत चारांसाठी चालवली तर पंधरा. आजचा गणिती चारांचे सगळे क्रम बारांतच बसवून दाखवील, पण दोन आणि तीनच्या बाबतीत जुन्या रीतीहून कमी त्यालाही करता येणार नाही.

हे सगळं झालं चुकणाऱ्याचं. जाणूनबुजून नमाज बुडवणाऱ्याचं काय, हा वाद वेगळ्याच पट्टीतला आहे. हदीस झोपलेल्याबद्दल आणि विसरलेल्याबद्दल बोलते. मुद्दाम सोडणाऱ्याबद्दल काहीच म्हणत नाही. चारही मझहबांची मुख्य धारा म्हणाली, निर्दोष माणसाला फेडावं लागतं तर दोषी कसा सुटेल? अंदलूसचा इब्न हज्म (मृत्यू 1064) याने ही जोडणीच नाकारली. त्याचं म्हणणं असं की नमाजेला दोन कडा आहेत. वेळेच्या आधी पढलेली जशी नमाज नव्हे, तशी नंतर पढलेलीही नव्हे, आणि झोपलेल्याला दिलेली मुभा जाग्या माणसाला उसनी देता येत नाही. त्याने तौबा करावी, ऐच्छिक नमाजा वाढवाव्यात. फेडायचा मार्ग त्याच्यासाठी बंद आहे. दमिश्कचे इब्न तैमिया (मृत्यू 1328) याच बाजूला गेले. वरवर हे मत सौम्य दिसतं, पण आहे ते कठोर: कर्ज फेडू देणं ही सावकाराची मेहरबानी असते, आणि ही मेहरबानीच ते नाकारतात.

मुख्य धारेचं मत मानलं की प्रश्न उरतो वर्षानुवर्षांच्या थकबाकीचा. विशीत नमाज सोडलेला माणूस चाळिशीत परततो. त्याच्या खात्यात वीस वर्षांच्या पाच-पाच नमाजा, आणि हनफी असेल तर रोजची वितरही. याला आपल्याकडे 'कजा-ए-उमरी' म्हणतात. लोकांनी यावर एक पळवाटही शोधली होती: रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी ठराविक रकआत पढल्या की आयुष्यभराच्या कजा फिटतात. तिच्या पाठीशी सांगितली जाणारी हदीस बनावट असल्याचं मुल्ला अली कारी यांनी लिहून ठेवलं, आणि एकोणिसाव्या शतकात लखनौचे अब्दुल हई लखनवी यांनी त्या शेवटच्या शुक्रवारच्या नव्या प्रथांविरुद्ध स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. एका रकमेत वीस वर्षांचं कर्ज फिटत नाही.

मग ते फेडायचं कसं? काटेकोर हिशोब ठेवणारे लोक वही घालतात. पाच उभे रकाने, वितरचा सहावा, आणि रोजच्या प्रत्येक फरज नमाजेसोबत तीच जुनी एक. क्रमाची सक्ती आता नाही, कारण थकबाकी सहाच्या कितीतरी पुढे गेली आहे. तरी संकल्पात नेमकं नाव हवं, आणि 2009 च्या कुठल्याशा मंगळवारची फजर कोणाला आठवणार? हनफी फकिहांनी यावर तोडगा दिला आहे. संकल्प करायचा तो असा: माझ्यावर बाकी असलेल्या फजरांतली सगळ्यांत पहिली. आज ती फिटली की उद्या तिच्या मागची पहिली होते, आणि संकल्पाचे शब्द तेच राहतात.